ड्रॉवर उघडायला लावणारी घोषणा: ई-कचरा संकलनासाठी काय लिहावं, कसं लिहावं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याजवळच्या एका बाजाराच्या गावात आम्ही पहिल्यांदा ई-कचरा गोळा केला, तेव्हा रिक्षावरच्या भोंग्यातून दोन दिवस एकच ओळ फिरत होती: "ई-कचरा द्या, पर्यावरण वाचवा." रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसलो. काय आलं? दोन पोती प्लास्टिकच्या पिशव्या, एक मोडकी खुर्ची, काचेच्या बाटल्या आणि फक्त चार मोबाइल. एक आजी तर सरळ म्हणाल्या, "ई! कचरा? तो कशाला मागता बाबा?" त्यांच्या कानावर 'ई' हा किळसेचा उद्गार पडला होता आणि पुढे 'कचरा'. चूक त्यांची नव्हती, आमच्या घोषणेची होती.

त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितोय. घोषणा ऐकून माणूस उठला पाहिजे आणि टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला पाहिजे. पर्यावरण हा शब्द ऐकून कोणी ड्रॉवर उघडत नाही. 'जुना रिमोट' म्हटलं की उघडतो, कारण रिमोट तिथेच असतो.

आधी घेणारा ठरवा, मग लिहायला बसा

बरेच जण शब्दांपासून सुरुवात करतात. पण माल शेवटी जाणार कुठे हे ठरल्याशिवाय 'काय आणा' हे लिहिताच येत नाही. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. त्यानुसार पुनर्चक्रण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि त्याच्याकडून लेखी यादी घ्या: काय घेणार, काय नाही, किमान किती किलो झालं तर गाडी पाठवणार.

यादीत तीन गोष्टींबद्दल मुद्दाम विचारा. ट्यूबलाइट आणि सीएफएल घेणार का? रिमोटमधले, घड्याळातले सुटे सेल घेणार का? फुगलेले मोबाइल घेणार का? बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत, त्यामुळे सगळेच घेणारे त्या घेत नाहीत. घोषणेत 'सेल आणा' म्हणालात, लोकांनी पिशवीभर सेल आणले आणि गाडीवाल्याने ते नाकारले, तर ते सेल शेवटी तुमच्या घरी येऊन पडतात. माझ्या माळ्यावर एक गोणी वर्षभर होती, म्हणून सांगतो.

भंगारवाला काय घेत नाही, ते शोधा

यादी हातात आली की दहा घरं फिरा. एक मातीचं घर, एक स्लॅबचं, एक मळ्यातलं, एखादं दुकान. फक्त विचारा, "बंद पडलेलं काय काय आहे हो घरात?" आणि ते जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे वहीत लिहा. कोणी 'मॉनिटर' म्हणत नाही, 'कॉम्प्युटरचा टीव्ही' म्हणतात. जुना पाठीला कुबड असलेला टीव्ही म्हणजे 'डब्बा टीव्ही'. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडलेली पेटी म्हणजे 'ऑटो'. घोषणेत हेच शब्द जाणार आहेत.

याच फेरीत एक गोष्ट कळते. मिक्सरची मोटर, पंपाचं वाइंडिंग, इन्व्हर्टरची बॅटरी यांना भाव आहे आणि त्या आपसूक विकल्या जातात. नवी बॅटरी घेताना जुनी दिली की दुकानदार पैसे कमी करतो. या वस्तूंसाठी घोषणा लिहिण्यात दम घालवू नका. घरात साठून राहतं ते वेगळंच: रिमोट, चार्जर, इअरफोन, सीएफएल, ट्यूब, सेल, मुलांची आवाज करणारी खेळणी, मोडके टॉर्च आणि 'यात फोटो आहेत' म्हणून जपलेले मोबाइल. भंगारवाला यांचे पैसे देत नाही, किंवा देतो तर रुपया-दोन रुपये. आपली घोषणा याच मालासाठी आहे. भंगारवाल्याला वाईट म्हणणारी ओळ तर मुळीच नको. गावातली निम्मी माहिती त्याच्याकडे असते आणि दुसऱ्या वर्षी तोच आमच्या टेबलावर वजन करायला बसला.

एक वस्तू, एक कारण, एक कृती

घोषणा लिहिण्याचा माझा नियम एवढाच आहे. तीन कारणं एका ओळीत कोंबली की एकही राहत नाही. वस्तूगणिक पाहू.

सर्वांत आधी बोलावणारी ओळ लागते. तिच्यात कारण नको, फक्त नावं आणि ठिकाण:

*बंद मोबाइल, तुटका चार्जर,*
*मुका रेडिओ, सुटी वायर;*
*रविवारी आणा शाळेवर.*

हिची लांबी हिशेबाने ठरली आहे. भोंग्याची रिक्षा ताशी दहा किलोमीटरने चालली तर सेकंदाला पावणेतीन मीटर सरकते. गल्लीत आवाज समजेल असं अंतर साधारण चाळीस मीटर धरा. म्हणजे एका घराला चौदा सेकंद मिळतात. भोंग्यावर सेकंदाला दोन शब्दच नीट कळतात, म्हणजे अठ्ठावीस शब्द. त्यात पहिली वेळ माणूस नुसता 'काय म्हणतोय?' म्हणून कान देतो, खरं ऐकतो ते दुसऱ्या वेळी. मग एका वेळेला बारा-चौदा शब्दांपलीकडे जाता येत नाही. वरच्या ओळींत अकरा आहेत. वेळ, तारीख, फोन हे सगळं पत्रकावर टाका. भोंग्यावरून फोन नंबर सांगणं म्हणजे वाऱ्याला सांगणं.

दुसरी ओळ ओळख पटवणारी. यादीत नाव नसलेली वस्तू घेऊन माणूस विचारात पडतो, त्याच्यासाठी:

*प्लगवर चाललं, सेलवर चाललं,*
*बंद पडलं की इथं आणलं!*

आणि पिशव्या-बाटल्यांचा पूर थांबवायला:

*बाटल्या, पिशव्या घंटागाडीला;*
*तारवाल्या, सेलवाल्या आमच्या गाडीला.*

ही ओळ आल्यापासून खुर्च्या यायच्या थांबल्या. 'काय आणू नका' असं नुसतं सांगण्यापेक्षा ते कुठे द्यायचं हे सांगितलं की माणूस रागावत नाही.

आता कारण सांगणाऱ्या ओळी. इथे वस्तूतलं नेमकं काय धोक्याचं आहे ते माहीत असावं लागतं, नाहीतर सगळ्यालाच 'विषारी' म्हणायची सवय लागते आणि लोक हसतात.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. एका दिव्यात अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, पण दिवा फुटला की त्याची वाफ खोलीत पसरते. म्हणून त्या अख्ख्याच यायला हव्यात:

*ट्यूब आणा अख्खी,*
*गुंडाळून पक्की;*
*आत असतो पारा,*
*फुटला तर विषारी पसारा.*

पत्रकावर हिच्याखाली दोन वाक्यं हवीत. नव्या ट्यूबच्या खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. घरात फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, नंतर झाडू न मारता जाड कागदाने तुकडे उचला आणि ओल्या फडक्याने पुसून सगळं झाकणाच्या डब्यात भरा. झाडूने पारा बारीक होऊन आणखी पसरतो. एलईडी दिव्यात पारा नसतो, तेव्हा ही ओळ तिथे लावू नका. एलईडीही घ्या, पण साध्या ढिगात.

मोबाइलची फुगलेली बॅटरी हा खान्देशात जास्त काळजीचा विषय आहे, कारण आमचं ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. लिथियम बॅटरी आतून बिघडली की वायू धरते आणि फुगते. टोचली, वाकवली किंवा चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. म्हणून संकलन उन्हाळ्यात ठेवूच नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरं भरलेली असतात, म्हणून आम्हालाही ती वेळ खुणावत होती, पण पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचं पोतं ठेवून झोप लागणार नाही. दिवाळीची झाडलोट हाच खरा मुहूर्त. माळे तसेही रिकामे होत असतात. ओळ अशी:

*फुगला मोबाइल? दाबू नका,*
*टोचू नका, चार्जिंगला लावू नका.*

आणि कृती: कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून आणा. टेबलाजवळ सावलीत वाळूची बादली ठेवा आणि तिच्यावर हीच ओळ चिकटवा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे एकमेकींना टेकून ठिणगी पडत नाही.

चांगला पण बंद असलेला मोबाइल लोक देत नाहीत त्याचं कारण वेगळं आहे, फोटो आणि बँकेची भीती. त्या भीतीला 'पृथ्वी' हे उत्तर होत नाही. उत्तर हे:

*सिम काढा, कार्ड काढा,*
*फोटो घ्या, मग मोबाइल द्या.*

फोन चालू होत असेल तर सेटिंगमधून सगळं पुसून फॅक्टरी रिसेट करायला पत्रकात सांगा. चालूच होत नसेल, तर टेबलावर लोकांच्या देखत तो कुलूपबंद पेटीच्या फटीतून आत टाकू द्या. तुमच्या हातात घेऊन बाजूला ठेवू नका. मतपेटीसारखी पेटी ठेवल्यावर आमच्याकडे मोबाइल वाढले. घोषणेने आणलेला माणूस पेटी पाहून विश्वास टाकतो.

रिमोट आणि खेळण्यातल्या बटन सेलसाठी एक ओळ आयांसाठी हवीच. लेकराने तो चकतीसारखा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतं. हे ऐकल्यावर कोणी सेल खिडकीत ठेवत नाही:

*सेल छोटा, धोका मोठा;*
*लेकराच्या हाती लागण्याआधी टाका.*

इथे 'टाका'ला यमक जुळत नाही हे मला माहीत आहे. जुळवायचा प्रयत्न केला तेव्हा अर्थ पातळ झाला. यमकासाठी कारण सोडू नका. अंगणवाडीच्या दारावर ही ओळ बिनयमकाचीच चालली.

मळ्यासाठी एक. फवारणीचा बॅटरीवरचा पंप बंद पडला की आख्खा पंप उचलून आणतात आणि टाकीत औषधाचा वास असतो. टाकी घेणाऱ्याला नको असते, आणि शाळेच्या व्हरांड्यात तर ती नकोच:

*पंप मळ्यात ठेवा, बॅटरी इथं द्या.*
*बंद ऑटो, मोडका टॉर्च, तेही सोबत घ्या.*

डब्बा टीव्हीच्या मागच्या काचेत शिसं असतं. त्याच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी काढून घेतली की उरलेली काच उकिरड्यावर जाते. त्यासाठी:

*तांबं जातं भंगारात,*
*शिशाची काच राहते दारात.*

टीव्ही डोक्यावर घेऊन कोणी शाळेवर येणार नाही. या ओळीखाली 'निरोप द्या, गाडी येईल' असं लिहा, पण गाडी खरंच असेल तरच.

दोन घोषणा ज्यांनी घोळ घातला

जळगाव सोन्यासाठी ओळखलं जातं, म्हणून एका वर्षी उत्साहात लिहिलं: "मोबाइलमध्ये सोनं आहे, घरात कुजवू नका." खोटं नव्हतं. एक टन जुन्या मोबाइलमधून साधारण तीनशे ग्रॅम सोनं निघू शकतं. पण शंभर ग्रॅमच्या एका मोबाइलला भागा. हाती येतात ०.०३ ग्रॅम, तेही मोठ्या कारखान्यात. लोकांनी एवढंच ऐकलं की सोनं आहे. जे देणार होते त्यांनीही मोबाइल परत कपाटात ठेवले. एकाने 'अॅसिडमध्ये टाकलं की निघतं ना?' असं विचारलं तेव्हा मी घाबरलो. घरी अॅसिड वापरून बोर्ड धुणं म्हणजे फुप्फुस आणि गटार दोन्ही जाळणं. ती ओळ दुपारीच फाडली. लालूच दाखवणारी घोषणा वस्तू बाहेर आणत नाही, आत ठेवते.

दुसरी ओळ मला अजूनही आवडते: "सोललं तर तांबं निघतं, जाळलं तर विष निघतं." वायरीवरचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं. ते उघड्यावर जाळलं की क्लोरीनयुक्त धूर होतो, त्यात डायऑक्सिनही असतात. कारण बरोबर होतं. पण घरोघरी ऐकल्यावर लोकांनी वायरी सोलल्या, तांबं विकलं आणि रविवारी आमच्याकडे रंगीत सालींची पोती आली! ओळ चुकीची नव्हती, जागा चुकली होती. आता ती फक्त भंगाराच्या दुकानांच्या रांगेत लागते, जिथे खरंच वायर जाळली जाते. घरांसाठी वेगळी: "फोडू नका, सोलू नका, आहे तसं आणा."

बोलीत लिहायचं असेल तर

बोलावणारी ओळ आम्ही अहिराणीतही फिरवली:

*बंद मोबाइल, तुटेल चार्जर,*
*मुका रेडिओ, सुटी वायर;*
*ऐतवारले लई या शाळावर.*

लोक हसले आणि थांबून ऐकलं. पण धुळ्याकडची अहिराणी एक, नंदुरबारकडची आणखी वेगळी, आणि यावल-रावेरला लेवा बोली. एका गावची ओळ दुसऱ्या गावी उचलून नेऊ नका. तिथल्याच एखाद्या बाईकडून ती मोठ्याने म्हणून घ्या. जिथे तिची जीभ अडते तिथला शब्द बदला. धोक्याच्या ओळी, म्हणजे पारा आणि बॅटरीच्या, मात्र आम्ही साध्या मराठीत ठेवल्या. गमतीत गंभीर गोष्ट वाहून जाते. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर शब्दांआधी वस्तूच दाखवा. खऱ्या सेलांची, चार्जरची माळ करून काठीला बांधली की तीच घोषणा.

छापण्याआधी पाच माणसं

ओळी तयार झाल्या की पाच जणांना एकदाच ऐकवा: एक आजी, एक शाळकरी पोरगं, एक दुकानदार, एक मळेकरी, एक नवी सून. दहा मिनिटं दुसरं बोला. मग विचारा, "काय आणाल? का?" ओळ पाठ आहे का हे विचारू नका, पाठ असून अर्थ न कळलेली माणसं पुष्कळ भेटतात. पाचांपैकी तिघांनी निदान एक वस्तू आणि तिचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर ओळ ठेवा. आमच्या ट्यूबच्या ओळीत आधी 'अखंड' होतं. आजी म्हणाल्या, "अखंड म्हणजे चालू राहणारी ना?" हरिनाम सप्ताह ऐकलेल्या कानाला तेच वाटणार. तिथे 'अख्खी' आलं.

जागा ठरवताना एवढं पाहा की ओळ वस्तूच्या जवळ असावी. सेलची अंगणवाडीवर, पंपाची कृषी सेवा केंद्राच्या दारात, मोबाइलची रिचार्जच्या दुकानात, ट्यूबची इलेक्ट्रिकच्या दुकानात. बोलावणारी ओळ रिक्षावर आणि पोरांच्या प्रभातफेरीत. भिंतीवर रंगवायची असेल तर तारीख वेगळ्या पाटीवर टाका, भिंतीवर नाही. गेल्या वर्षीचा रविवार वाचून यंदा कोणीतरी रिकाम्या शाळेवर येऊन परत जातं.

संकलनाच्या दिवशी टेबलावर एक वही ठेवा आणि दोनच रकाने करा: 'मागितलं ते आलं' आणि 'न मागता आलं'. दुसऱ्या रकान्यात अकरा वाजेपर्यंत एकच वस्तू तीनदा दिसली, तर घोषणेत भोक आहे. आमच्याकडे एका सकाळी औषधाच्या रिकाम्या बाटल्या सारख्या येत होत्या. 'पंप'च्या ओळीमुळे, हे नंतर उमगलं. रिक्षावाल्याला थांबवून 'बाटल्या नकोत, नुसती बॅटरी' एवढं जोडलं आणि दुपारनंतर त्या थांबल्या.

संध्याकाळी गाडी गेली की वजनाची पावती मागून घ्या आणि तिची प्रत शाळेच्या फलकावर लावा, किलो दिसतील अशी. पुढच्या दिवाळीला रिक्षा निघण्याआधीच लोक विचारायला लागतात, "या वेळी ट्यूब घेणार का?"